फोन गेला तर कोड कुठून आणायचे? ऑथेंटिकेटर ॲप घेताना आधी हे बघा

प्रश्न: सर, सगळ्या अकाउंटला एसएमएस ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावायला घेतलंय. गूगलचं, मायक्रोसॉफ्टचं, ऑथी, एजिस, एन्टे, यातलं नक्की कुठलं घेऊ? आणि उद्या फोनच हरवला तर मी माझ्याच अकाउंटमधून कायमची बाहेर पडणार का?

उत्तर: नाही पडणार, पण त्यासाठी फोन हातात असतानाच दोन-तीन कामं उरकायला लागतात, फोन गेल्यावर ती होत नाहीत. मी बरीच वर्षं लोकांचे अडकलेले लॉगिन सोडवायचं काम करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं ॲप वाईट होतं म्हणून काही अडलेलं नसतं, कोड देतात सगळीच ॲप, आणि एकाच खात्याचा कोड सगळीकडे तोच येतो. फरक कुठे पडतो तर फोन गेल्यावर नवीन फोनवर ते कोड परत आणायला तुमच्या हातात काय काय असायला लागतं, तिथे. मी ॲपची तुलना फक्त त्याच एका प्रश्नावर करतो.

आधी ॲपच्या पोटात काय असतं ते बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तुम्ही क्यूआर स्कॅन करता ना, त्यात असलं काहीतरी असतं:

```
otpauth://totp/Mail:me@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Mail
```

यातलं `secret=` च्या पुढचं जे आहे तीच खरी चावी. साइटने ती एकदा तयार केली, एक प्रत स्वतःकडे ठेवली, एक तुम्हाला दिली. पुढे तुमचं ॲप ती चावी आणि आत्ताची वेळ एकत्र घोळवून दर 30 सेकंदांनी सहा आकडे काढतं, साइटही तिच्याकडे तेच गणित करते, आकडे जुळले की आत. याला टीओटीपी म्हणतात आणि याचा स्टँडर्ड 2011 पासून सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणजे कोड काढायला नेट लागत नाही, सिम लागत नाही, ठराविक कंपनीचं ॲपही लागत नाही, लागते फक्त चावी आणि बरोबर लावलेलं घड्याळ. आणि मग फोन हरवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात: तुमच्याकडची चावीची प्रत गेली, आणि ती प्रत आता दुसऱ्या कोणाच्यातरी खिशात आहे. पहिलीसाठी लोक धावपळ करतात, दुसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तिच्यावर खाली येतो.

आता ॲप.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल 2023 पासून गूगल अकाउंटला सिंक करता येतं. त्याआधी फोन गेला की कोड गेले, सरळ हिशोब होता. आता सिंक चालू असेल तर नवीन फोनवर त्याच गूगल अकाउंटने लॉगिन केलं की सगळे कोड परत येतात, सोपं आहे. पण अकाउंटमध्ये लॉगिन न करता वापरायचा पर्यायही आहे आणि घाईत तो निवडलेले खूप जण भेटतात, त्यांची समजूत असते की गूगलचं ॲप आहे म्हणजे बॅकअप असणारच. तुमचं आत्ता उघडून बघा, वर कोपऱ्यात तुमचा अकाउंटचा फोटो आणि ढगाचं चिन्ह दिसतंय का. आणखी एक, हे सिंक आलं तेव्हा त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे सर्व्हरवरून चाव्या वाचता येऊ नयेत असं कुलूप, नव्हतं, त्यामुळे तुमच्या गूगल अकाउंटमध्ये कोणी शिरला तर त्याला बाकी सगळ्या अकाउंटचे कोडही मिळू शकतात हे धरूनच चालायचं.

पण यातली खरी मेख वेगळीच आहे. समजा तुमच्या गूगल अकाउंटलाच दुसरी पायरी म्हणून फक्त हे ॲप लावलंय, आणि फोन गेला. नवीन फोनवर कोड आणायला गूगलमध्ये लॉगिन करायचं, लॉगिनला कोड पाहिजे, कोड त्या सिंकमध्ये, सिंक लॉगिनच्या पलीकडे. किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, तसं. हे चक्र कुठल्याही क्लाउड बॅकअपवाल्या ॲपमध्ये होऊ शकतं आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

ऑथी तुमच्या मोबाईल नंबरला बांधलेलं असतं. नवीन फोनवर तोच नंबर टाकायचा, पडताळणी करायची, मग बॅकअप पासवर्ड टाकला की कोड उघडतात. तो बॅकअप पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा कोड उघडून देऊ शकत नाही, आणि तो रोज टाकायला लागत नसल्याने लोक हमखास विसरतात. शिवाय नंबर हाच पाया म्हटल्यावर तुमच्या नावाने दुसऱ्याने सिम काढून घेतलं तर तो दारापर्यंत पोचतो, म्हणून दोन डिव्हाइस जोडून झाले की मल्टी-डिव्हाइसचं बटण बंद करून ठेवायचं. त्यांचं डेस्कटॉप ॲप मार्च 2024 मध्ये बंद झालं, आणि मला सगळ्यात खटकतं ते म्हणजे यातून चाव्या बाहेर काढायची सोयच नाही. उद्या ॲप बदलायचं ठरवलं तर एकेका साइटवर जाऊन नव्याने क्यूआर काढत बसायचं. आधीपासून वापरत असाल तर घाबरून पळायची गरज नाही, पण नवीन सुरू करणाऱ्याला मी हे सांगत नाही.

मायक्रोसॉफ्टचं ॲप ऑफिसच्या अकाउंटसाठी उत्तम, स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकून मंजुरी द्यायची सोय चांगली आहे. बॅकअपही आहे पण अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि आयफोनचा अँड्रॉइडवर नाही, हे फोन बदलल्यावर कळतं. आणि ऑफिसच्या अकाउंटचं नाव बॅकअपमधून परत आलेलं दिसलं तरी मंजुऱ्या लगेच सुरू होत नाहीत, परत साइन इन करायला लागतं. म्हणून हे ऑफिसपुरतं ठेवा.

एजिस फक्त अँड्रॉइडवर, ओपन सोर्स, स्वतःचं क्लाउड नाही. सगळ्या चाव्या पासवर्डने बंद केलेल्या एका फाइलमध्ये ठेवतं आणि ती फाइल तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये आपोआप बॅकअप करतं. मला स्वतःला हे फार आवडतं, पण ती बॅकअप फाइल फोनच्याच मेमरीत पडून राहिली तर फोनबरोबर तीही गेली. ती दर थोड्या दिवसांनी बाहेर, म्हणजे लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर गेलीच पाहिजे, आणि ही शिस्त ज्याला जमते त्यानेच एजिस घ्यावं.

एन्टे ऑथ पण ओपन सोर्स, अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप सगळीकडे चालतं, सिंक एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं म्हणजे त्यांच्या सर्व्हरवरून चाव्या वाचता येत नाहीत, आणि फाइल एक्सपोर्टही करता येते. अकाउंट काढताना 24 शब्दांची एक रिकव्हरी की देतात, ती कागदावर उतरवायचीच, कारण पासवर्ड विसरल्यावर तेवढाच एक रस्ता राहतो. फक्त हे ॲप ईमेलने लॉगिन होतं आणि पडताळणी ईमेलवर येऊ शकते, म्हणजे ईमेलचा कोड एन्टेमध्ये आणि एन्टेचा कोड ईमेलमध्ये असं वरचं चक्र इथेही तयार होतं, ते तोडायला ईमेलचे बॅकअप कोड, म्हणजे ॲपशिवाय लॉगिन करायला साइट आधीच देऊन ठेवते ते एकदाच चालणारे कोड, कागदावर हवेतच.

तुम्ही अँड्रॉइड-आयफोन-लॅपटॉप असं मिसळून वापरत असाल तर एन्टे घ्या, एकच अँड्रॉइड आणि फाइलची शिस्त असेल तर एजिस, आणि हे दोन्ही नको असेल तर गूगलचं सिंक चालू ठेवून त्याचे बॅकअप कोड छापून ठेवा, तेही चालतं.

आता फोन खरंच गेला तर. गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचा गेला, ते सविस्तर सांगतो कारण त्यात जवळजवळ सगळं घडलं. भाषांतराचं काम करते, प्रवासात पर्समधून फोन गेला, अँड्रॉइड, चार आकडी पिन, गूगल ऑथेंटिकेटर सिंक चालू, त्यात 14 नोंदी, आणि गूगल अकाउंटलाही तेच ॲप लावलेलं. बॅकअप कोड कधी काढलेच नव्हते. रात्री घरी पोचल्यावर तिने मला फोन केला नवऱ्याच्या मोबाईलवरून आणि म्हणाली, आता सगळ्या लॅपटॉपवरून लॉगआउट करते आणि पासवर्ड बदलते, म्हणजे चोराला काही मिळायला नको. मी म्हटलं थांब, आधी हात बाजूला घे, लॅपटॉपवर जीमेल उघडं आहे ना, तेवढंच आता तुझं दार आहे. ते लॉगआउट केलंस किंवा ब्राउझरच्या कुकीज साफ केल्यास तर तू आत्ताच बाहेर.

पहिलं काम फोन लॉक करायचं. तिच्या उघड्या ब्राउझरमध्येच `google.com/android/find` उघडलं आणि तिथून फोन लॉक केला. आयफोन असता तर `icloud.com/find` वर जाऊन लॉस्ट मोड लावला असता, तिथे पासवर्ड पुरतो, दुसऱ्या पायरीचा कोड मागत नाहीत, नेमकं याच प्रसंगासाठी ती सूट ठेवलेली आहे. फोन पुसून टाकायचं बटण लगेच दाबू नका, अँड्रॉइड पुसला की लोकेशन दिसायचं बंद होतं. पण तुमची पिन कोणी बघितली असेल अशी शंका असेल तर मात्र सरळ पुसून टाका, लोकेशनपेक्षा चाव्या महत्त्वाच्या.

दुसरं काम सिम बंद करायचं, तेही त्याच रात्री. फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की एसएमएस तिकडे यायला लागतात, आणि अजून कितीतरी अकाउंट पासवर्ड विसरलो म्हटलं की एसएमएस पाठवून मोकळी होतात. त्याच नंबरचं नवीन सिम मिळालं की तोच नंबर तुमच्या बाजूने कामाला येतो.

तिसरं, त्याच लॅपटॉपवर गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटी, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पानाने पासवर्ड परत विचारला, नेहमीचा लॅपटॉप असल्याने पासवर्डवर भागलं, दरवेळी भागेलच असं नाही. तिथे बॅकअप कोड काढले, आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, एकेक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. ते तिने वहीत लिहून घेतले. मग घरात पडलेला एक जुना फोन चार्ज केला, त्यात गूगल लॉगिन केलं, कोड विचारल्यावर वहीतला पहिला टाकला, ऑथेंटिकेटर इन्स्टॉल केलं आणि 14 च्या 14 नोंदी समोर आल्या.

आणि त्यातला एकही कोड चालेना. तिचा धीर सुटला, मलाही वाटलं सिंकमध्येच काहीतरी गडबड झाली, पण सगळेच कोड चुकतायत म्हणजे चाव्या चुकीच्या नाहीत, घड्याळ चुकलंय. तो फोन दोन वर्षं बंद पडून होता, आपोआप वेळ घ्यायचं सेटिंग बंद होतं आणि घड्याळ चार मिनिटं मागे. साइट साधारण एखाद्या 30 सेकंदांच्या टप्प्याचा फरक चालवून घेते, चार मिनिटं नाही. सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक वेळ चालू केली, पुढचा कोड बरोबर लागला. एकाच अकाउंटचा कोड चुकत असेल तर तुम्ही बहुधा जुनी किंवा दुसरीच नोंद बघताय, सगळ्यांचे चुकत असतील तर घड्याळ.

इथे ती म्हणाली झालं, आलं सगळं परत. तर झालेलं नसतं. आता वर राहिलेली दुसरी गोष्ट: त्या हरवलेल्या फोनमध्ये त्याच 14 चाव्या अजून जिवंत आहेत. पासवर्ड बदलल्याने चावी बदलत नाही, नवीन फोनवर कोड आणल्यानेही बदलत नाही, कारण तुम्ही त्याच चावीची आणखी एक प्रत आणलीत. चावी बदलायची तर साइटवर जाऊन ऑथेंटिकेटर बंद करून परत लावायला लागतो किंवा फोन बदला असा पर्याय असेल तर तो, म्हणजे साइट नवीन क्यूआर देते. आम्ही ईमेलपासून सुरुवात केली कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, मग पासवर्ड मॅनेजर, मग पैशाची, मग उरलेली. प्रत्येक ठिकाणी आधी पासवर्ड बदल, मग नवीन क्यूआर, मग त्या साइटचे नवे बॅकअप कोड, आणि बाकी डिव्हाइस साइन आउट. हरवलेला फोन गूगलच्या डिव्हाइस यादीतून मात्र सगळ्यात शेवटी काढायचा, लॉक आणि लोकेशनचं काम संपल्यावर. दोन तास गेले.

मधेच नवऱ्याच्या फोनवर मेसेज आला, तुमचा फोन सापडला, लोकेशन बघायला इथे लॉगिन करा. लॉक स्क्रीनवर संपर्कासाठी त्याचाच नंबर टाकलेला होता, तिथून घेतला असणार. ही पद्धत ठरलेली आहे, फोन उघडत नाही म्हणून पासवर्ड तुमच्याकडूनच काढायचा. सहा आकडी कोडही अशा खोट्या पानावर टाकला तर समोरचा त्याच 30 सेकंदांत तो खऱ्या साइटवर वापरतो, ऑथेंटिकेटर ॲप यापासून वाचवत नाही. लिंक उघडू दिली नाही तिला.

बॅकअप कोडही नाही आणि उघडा लॅपटॉपही नाही अशी वेळ आली तर मग त्या त्या साइटच्या मर्जीवर. गूगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान आहे, ते नेहमीच्या नेटवर्कवरून आणि पूर्वी वापरलेल्या ब्राउझरवरूनच भरा, त्याने फरक पडतो. गिटहब, म्हणजे प्रोग्रामर लोक आपलं काम ठेवतात ती साइट, सेटअप करताना 16 रिकव्हरी कोड देते आणि ते हरवले तर त्यांचा सपोर्ट हमी देत नाही, पूर्वी ओळखीचा झालेला ब्राउझर किंवा एसएसएच की असली तर विनंती करता येते, नाहीतर अकाउंट गेल्यात जमा. ऑफिसचं अकाउंट असेल तर उलट सगळ्यात सोपं, आयटीवाल्यांना लगेच कळवा, ते जुनी नोंदणी काढून थोड्या वेळापुरता तात्पुरता पास देऊ शकतात. हे सकाळवर ढकलू नका, त्यांनाही जुन्या फोनचे सेशन तोडायचे असतात.

तुमचं आज काय करायचं ते सांगतो. सगळी अकाउंट एका दिवसात नका लावू, आज फक्त ईमेल. ऑथेंटिकेटर लावल्याबरोबर त्याचे बॅकअप कोड काढा, हाताने लिहा किंवा छापा आणि जिथे महत्त्वाची कागदपत्रं ठेवता तिथे ठेवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट नको कारण तो फोनबरोबरच जाणार. कागदावर अकाउंटचं नाव आणि तारीख लिहा, पासवर्ड लिहू नका. घरात जुना फोन असेल तर क्यूआर स्क्रीनवर असतानाच दोन्ही फोनने स्कॅन करा, दोघांवर एकच कोड यायला लागेल, जुन्याला लॉक लावून कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करून वेळ बरोबर आहे का तेवढं बघा. मग ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त कागद घेऊन लॉगिन करून बघा. त्यात एक कोड खर्च होईल, होऊ दे, त्याच्यावर काट मारा. लॉगिन झालं तर पुढचं अकाउंट घ्या, नाही झालं तर जिथे अडलात ते आत्ता, फोन हातात असताना दुरुस्त करता येतं.

आणि कधी चावी बदलायची वेळ आली तर ॲपमधली जुनी नोंद लगेच उडवू नका. मैत्रिणीच्या ॲपमध्ये त्या रात्री एकाच नावाच्या दोन-दोन नोंदी दिसत होत्या, जुनी आणि नवी. प्रत्येक साइटवर आम्ही आधी जुन्या नोंदीचा कोड टाकून बघायचो, साइटने तो नाकारला की समजायचं हरवलेल्या फोनमधली चावी मेली, मग नवीन कोडने आत जायचं आणि तेव्हाच जुनी नोंद पुसायची. एका साइटने जुना कोड घेतला. तिथे तिने नवीन क्यूआर स्कॅन तर केला होता पण खाली सहा आकडे टाकून पक्कं करायचं राहिलं होतं, म्हणून साइटच्या लेखी जुनीच चावी चालू होती. परत केलं, परत जुना कोड टाकून बघितला, तेव्हा नाकारला.